खालच्या हॉटेलचा ब्लोअर आणि वरच्यांची झोप: ध्वनिप्रदूषणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ध्वनिप्रदूषण म्हटलं की मिरवणुका, फटाके आणि भोंगे आठवतात. ते आवाज मोठे असतात, पण काही दिवसांत संपतात. या पानावर घेतला आहे तो वर्षभर, रोज रात्री चालणारा आवाज: इमारतीच्या तळमजल्यावर हॉटेल आहे, त्याच्या स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट ब्लोअर मागच्या बाजूला बसवलाय आणि तो रात्री बारा-साडेबारापर्यंत चालतो. वरच्या मजल्यावरच्या बेडरूमची खिडकी त्याच्यापासून सुमारे दहा मीटरवर आहे. खालची गणितं याच एका नमुन्यावर केली आहेत. जनरेटर, कूलिंग टॉवर किंवा एसीच्या बाहेरच्या युनिटलाही विचाराची हीच रीत लागू पडते.

कायद्याने किती आवाज चालतो?

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मध्ये चार प्रकारची क्षेत्रं ठरवली आहेत. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, आणि रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. आकडे डेसिबल-ए मध्ये, म्हणजे माणसाच्या कानाला आवाज जसा ऐकू येतो त्याला धरून केलेल्या मोजणीत आहेत.

| क्षेत्र | दिवसा | रात्री |
|---|---|---|
| औद्योगिक | ७५ | ७० |
| व्यापारी | ६५ | ५५ |
| निवासी | ५५ | ४५ |
| शांतता क्षेत्र | ५० | ४० |

हे आकडे ठरावीक वेळेच्या सरासरीचे आहेत, क्षणिक उसळीचे नाहीत. ही सरासरी आवाजाच्या ऊर्जेची असते, त्यामुळे मोठ्या आवाजाला तिच्यात जास्त वजन मिळतं. तरीही एक फट राहते. ब्लोअर रात्रीच्या आठ तासांपैकी दोनच तास ५९ वर चालला आणि बाकी वेळ शांतता असली, तर पूर्ण रात्रीची सरासरी ५३ येते. म्हणून नोंदीत आकड्याबरोबर 'किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत' हेही लिहायचं. नाहीतर समोरचा माणूस आपल्याला सोयीची वेळ धरून सरासरी काढतो.

आमची इमारत निवासी की व्यापारी? खाली दुकानं आणि वर घरं आहेत.

सगळ्यात जास्त वाद इथेच होतो. क्षेत्र ठरवायचं काम राज्य सरकारचं आहे. संमिश्र वस्ती असेल तर सक्षम अधिकाऱ्याने ती चारपैकी एका वर्गात घोषित करावी, असं नियम सांगतात. म्हणजे हॉटेलवाल्याने 'खाली दुकानं आहेत, तेव्हा हा व्यापारी भाग' असं म्हणून चालत नाही, आणि रहिवाशांनीही स्वतःच निवासी ठरवून उपयोग नाही. तुमचा भाग कशात मोडतो हे पालिकेकडून आधी लेखी घ्या. व्यापारी ठरला तर रात्रीची मर्यादा ५५, निवासी ठरला तर ४५. या दहा डेसिबलच्या फरकावर हॉटेलचा खर्च कितीतरी पटीने बदलतो.

शांतता क्षेत्राबद्दलही एक गैरसमज आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर आपोआप शांतता क्षेत्र होतात असं अनेकांना वाटतं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने तशी अधिसूचना काढलेली असावी लागते.

आमचा भाग निवासी ठरला आणि रात्री मोजणीत ५९ आलं. मर्यादेपेक्षा १४ च जास्त. त्याने एवढं काय बिघडतं?

डेसिबलची मोजपट्टी रुपयांसारखी सरळ चढत नाही. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि १० वाढले की दहापट. १४ डेसिबल म्हणजे मर्यादेच्या सुमारे पंचवीसपट ऊर्जा. कानाला मात्र दर १० डेसिबलला आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो, म्हणून तो पंचवीसपट 'वाटत' नाही, अडीच-तीनपट वाटतो.

यातला व्यवहारातला धडा असा: दोन सारख्या ब्लोअरपैकी एक बंद केला तर आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो. 'अर्धी मशीन बंद केली तरी आवाज तेवढाच' ही तक्रार खोटी नसते.

५९ डेसिबलने बहिरेपण येतं का?

नाही. श्रवणशक्तीचं नुकसान वेगळ्या पातळीवर सुरू होतं. कारखान्यातल्या कामगारांसाठी आपल्याकडे आठ तासांना ९० डेसिबल-ए ही मर्यादा आहे, आणि ८५ च्या वर वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांच्या अंतर्कर्णातल्या केसपेशी मरतात असं जगभर मानलं जातं. त्या पुन्हा उगवत नाहीत. या नुकसानीची खूण श्रवणआलेखात ४००० हर्ट्‌झजवळच्या खाचेत दिसते.

वरच्या मजल्यावरच्या माणसाचं दुखणं कानाचं नसतं, झोपेचं आणि रक्तवाहिन्यांचं असतं. झोपेतही कान उघडे असतात. आवाज आला की मेंदू पूर्ण जागा न होताही अर्धवट सावध होतो, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकसतात. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत दिवसापेक्षा साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतो. हा उतार रात्रीमागून रात्री नीट मिळाला नाही, तर हृदयाची हक्काची विश्रांती जाते. रस्त्यावरच्या वाहतुकीचा आवाज आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे विकार यांच्या संबंधाला जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत महत्त्वाचं स्थान दिलं आहे. त्याआधी २००९ मध्ये तिने युरोपसाठी रात्रीच्या आवाजाचं उद्दिष्ट घराबाहेर वर्षभराच्या सरासरीने ४० डेसिबल ठेवलं होतं, आणि ५५ च्या वरची स्थिती सार्वजनिक आरोग्याला वाढत्या धोक्याची म्हटली होती. आपली निवासी रात्रीची ४५ ची मर्यादा त्या उद्दिष्टापेक्षा थोडी सैल आहे. तेव्हा 'नियमात बसतं' आणि 'झोप लागते' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मुलांवरचा परिणाम म्युनिकमध्ये फार नेमकेपणाने दिसला. १९९२ मध्ये तिथला जुना विमानतळ बंद होऊन दुसऱ्या जागी नवा सुरू झाला. संशोधकांनी दोन्हीकडच्या शाळकरी मुलांच्या चाचण्या आधी आणि नंतर घेतल्या. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचं वाचन आणि दीर्घकालीन स्मरण घसरलं, तर जुन्याजवळच्या मुलांचं सुधारलं. आवाज थांबल्यावर नुकसान भरून येऊ शकतं, ही त्यातली दिलासा देणारी बाजू.

काही दिवसांनी सवय होतेच ना?

मनाला होते, शरीराला पुरती होत नाही. काही आठवड्यांनी माणूस 'आता ऐकूच येत नाही' म्हणतो आणि जागं होण्याच्या वेळाही कमी होतात. पण झोपेत आवाजागणिक नाडी उसळणं बऱ्याच अंशी चालूच राहतं. शिवाय सलग घरघरीपेक्षा चालू-बंद होणारा आवाज जास्त झोपमोड करतो. साडेबाराला ब्लोअर बंद होताना 'खट्ट' झाल्यावर घरातल्यांना जाग येते ती त्यामुळेच.

मोबाइलवरच्या ॲपने मोजलेलं चालेल का?

स्वतःला अंदाज यायला चालेल. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, जाड घुमणारे आवाज तो कमी पकडतो, आणि दोन फोनमध्ये पाच-सात डेसिबलचा फरक सहज पडतो. तक्रारीबरोबर जोडायला कॅलिब्रेट केलेल्या ध्वनिमापकाची नोंदच हवी.

फोनचा खरा उपयोग तुलनेसाठी आहे. एकच फोन, एकच जागा, ब्लोअर चालू आणि ब्लोअर बंद. त्या दोन आकड्यांतला फरक बराच विश्वासार्ह असतो.

मापकाने मोजताना काय सांभाळायचं?

मापक खिडकीबाहेर धरायचा, भिंतीला चिकटवायचा नाही. भिंतीवरून परतणारा आवाज मिसळून आकडा वाढतो: भिंतीपासून एक मीटरवर सुमारे ३ डेसिबलपर्यंत, अगदी भिंतीला लागून ६ पर्यंत. नोंदीत अंतर लिहिलं नसेल तर समोरच्याचा सल्लागार याच मुद्द्यावर तुमची मोजणी फेटाळून लावेल.

दुसरी नोंद ब्लोअर बंद असतानाची. आपल्या नमुन्यात ब्लोअर चालू असताना ५९ आणि बंद असताना ४१ आहे. फरक १८ चा, म्हणजे ५९ पैकी जवळपास सगळा आवाज ब्लोअरचाच. हा फरक ३ पेक्षा कमी आला तर दोष यंत्राला देता येत नाही. रस्त्याची रहदारी ओसरल्यावर पुन्हा मोजावं लागतं.

म्हणजे ब्लोअरचा आवाज ४५ वर आणला की झालं?

नाही, आणि ठेकेदार हमखास फसतात ते इथेच. मर्यादा एकूण आवाजाला आहे आणि त्यातला काही वाटा ४१ च्या परिसराच्या आवाजाने आधीच घेतलाय. ४१ आणि ४५ मिळून ४६.५ होतात. एकूण ४५ हवं असेल तर ब्लोअरचा स्वतःचा वाटा सुमारे ४३ पर्यंत उतरला पाहिजे. ५९ वरून ४३, म्हणजे १६ डेसिबलची घट.

हे १६ डेसिबल तीन ठिकाणी मिळू शकतात: आवाज जिथे जन्मतो तिथे, तो जातो त्या वाटेवर, आणि ऐकणाऱ्यापाशी. मिळवायचे मात्र याच क्रमाने. उगमावर कमी केलेला आवाज सगळ्या घरांसाठी, सगळ्या दिशांनी कमी होतो. खिडकीवर अडवलेला फक्त त्या एका खोलीपुरता.

उगमावर काय करता येतं?

मुख्य म्हणजे वेग कमी करा. पंख्याचा आवाज वेगाबरोबर फार झपाट्याने चढतो. वेग २० टक्क्यांनी उतरवला तर आवाज सुमारे ५ डेसिबलने उतरतो. हवा २० टक्के कमी खेचली जाते आणि वीज जवळपास निम्मी लागते. रात्री दहानंतर सगळे शेगडे पेटलेले नसतात, त्यामुळे तेवढी हवा बहुतेक वेळा पुरते. मोटरला व्हीएफडी, म्हणजे तिचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण, बसवला की हे काम एका बटणाचं. ज्या उपायाने हॉटेलवाल्याचं वीजबिलही उतरतं, तो गळी उतरवणं सोपं असतं.

त्याआधी यंत्र नीट आहे का ते पाहावं. पात्यांवर तेलकट थर असमान साचला की तोल जातो आणि घरघर वाढते. पट्टा सैल असेल तर चिरका आवाज येतो, बेअरिंग गेलं असेल तर खरखर. साफसफाईने आवाज उतरला, तर ती घट तुम्ही विकत घेतली नाही, फक्त परत मिळवली.

खिडक्या बंद केल्या तरी भिंतीतून घुमल्यासारखं होतं. का?

कारण तो आवाज हवेतून येतच नाही. ब्लोअरची थरथर पायातून स्लॅबमध्ये आणि तिथून भिंतींत जाते, आणि भिंतच स्पीकरसारखी वाजते. ओळखायची खूण सोपी आहे: भिंतीला कान किंवा तळहात लावा. खिडकी उघडल्या-मिटल्याने आवाज फारसा बदलत नसेल तर रोग भिंतीत आहे, आणि हवेतल्या आवाजावरचा कोणताही उपाय त्याला लागू पडणार नाही.

उपाय म्हणजे यंत्राखाली कंपन अडवणाऱ्या स्प्रिंगा. पण इथे एक सापळा आहे. प्रत्येक स्प्रिंगला किंवा रबराला, वरच्या वजनानुसार, स्वतःची एक डोलण्याची गती असते. यंत्राची गती तिच्या १.४ पटीपेक्षा जास्त असेल तरच कंपन अडतं. त्याखाली ते उलट वाढतं. ब्लोअर मिनिटाला ९६० फेरे मारत असेल, तर ते सेकंदाला १६. वजनाखाली अडीच मिलिमीटर दबणाऱ्या साध्या रबर पॅडची गती सेकंदाला १० च्या आसपास असते. सोळा भागिले दहा म्हणजे १.६, जेमतेम उपयोग. आता आपण वेग २० टक्क्यांनी उतरवला, फेरे सेकंदाला १२.८ झाले, गुणोत्तर १.२८ वर आलं. हवेतला आवाज ५ डेसिबलने कमी झाला आणि भिंतीतली थरथर वाढली! 'व्हीएफडी बसवल्यापासून जास्तच घुमतंय' या तक्रारीचं कारण पुष्कळदा हेच असतं.

वजनाखाली १० मिलिमीटर दबेल अशी स्प्रिंग घेतली की तिची गती सेकंदाला ५ वर येते. मग कमी वेगातही पंखा तिच्या अडीचपट वेगाने फिरतो आणि जेमतेम पाचवा हिस्सा कंपन खाली जातं. डक्टच्या जोडाला कॅनव्हासचा लवचिक तुकडाही लागतो. तो नसेल तर थरथर स्प्रिंगांना वळसा घालून डक्टमधून भिंतीत शिरते.

वाटेवर सायलेन्सर लावला की पुरे ना?

आवाज एका वाटेने येत असता तर पुरे झालं असतं. इथे वाटा दोन आहेत. डक्टच्या तोंडातून ५८ आणि ब्लोअरच्या पत्र्यातून ५२ डेसिबल खिडकीशी पोचतात. दोन्ही मिळून ५९. तोंडावर १२ डेसिबल कापणारा सायलेन्सर लावला तर ५८ चे ४६ होतात, पण पत्र्याचे ५२ तसेच राहतात आणि एकूण येतं ५३. पैसे १२ चे गेले, हाती आले ६. सायलेन्सर निकामी नसतो, त्याने आपलं काम चोख केलेलं असतं. दुसरी वाट उघडी राहिली इतकंच.

म्हणून क्रमाने जाऊ. वेग उतरवल्यावर तोंडातून ५३ आणि पत्र्यातून ४७ येतात. सायलेन्सरने ५३ चे ४१ झाले. ब्लोअरभोवती आतून आवाज शोषणारी रॉकवूल लावलेली पेटी बसवून पत्र्याचे ४७ वरून ३७ केले. ४१ आणि ३७ मिळून ४२.५. त्यात परिसराचे ४१ मिळवले की सुमारे ४४.८. मर्यादेत बसलं, पण अगदी काठावर. माझ्या मते इथे डक्टचं तोंडही खिडकीपासून दुसरीकडे वळवावं, म्हणजे हाताशी थोडे डेसिबल शिल्लक राहतात.

पेटीला फट नको. एकूण पृष्ठभागाच्या एक टक्का जागा उघडी राहिली, तर पत्रा कितीही जाड असो, घट २० डेसिबलच्या पुढे जात नाही. आणि मोटरला हवा तर लागतेच, त्यामुळे पेटीच्या झरोक्यांनाही आतून अस्तर लावलेला वाकडा मार्ग द्यावा लागतो. सरळ भोक पाडलं की आवाज त्यातूनच बाहेर येतो.

मध्ये भिंत बांधली, झाडं लावली, फोम चिकटवला तर?

भिंतीमुळे ब्लोअर दिसेनासा झाला तरच ती काम करते. दृष्टिरेषा जेमतेम तुटली तर ५ डेसिबलच्या आसपास, चांगली उंच आणि सलग असेल तर १० किंवा थोडं जास्त. तळमजल्याला लाभ होतो, पण वरच्या मजल्यावरून भिंतीपलीकडचा ब्लोअर दिसत असेल तर त्या घरासाठी भिंत नसल्यासारखीच.

झाडांच्या एका रांगेने मापकावर फरक दिसत नाही. ब्लोअर नजरेआड झाल्याने त्रास थोडा कमी वाटतो, एवढंच.

फोमचं दुकान मात्र गैरसमजावर चालतं. फोम किंवा अंड्यांचे ट्रे खोलीतला प्रतिध्वनी कमी करतात, आवाज अडवत नाहीत. अडवायला वजन लागतं: अडसराचं वजन दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल जास्त अडतात. हातात धरून हलका लागणारा पदार्थ आवाज अडवेल असं कुणी सांगितलं, तर खरेदी तिथेच थांबवा.

आमच्या खिडक्या बदलल्या तर?

उघड्या खिडकीतूनही आतला आवाज बाहेरच्यापेक्षा १०-१५ डेसिबलने कमी असतो. साधी सरकती खिडकी बंद केली तर २०-२५, कारण तिच्या रुळांत फटी राहतात. रबरी गॅस्केटवर घट्ट दाबून बसणारी, लॅमिनेटेड काचेची पल्ल्याची खिडकी ३० च्या वर जाते. पण ती बंद ठेवली तरच. मग हवेचं काय, हा प्रश्न उरतो. शिवाय कायदा आवाज बाहेर मोजतो, म्हणून तुमच्या खर्चाने बसवलेल्या खिडकीमुळे हॉटेलची जबाबदारी कमी होत नाही. 'आम्ही काच लावून देतो' असा प्रस्ताव आला तर तो तात्पुरता म्हणून घ्यावा, तोडगा म्हणून नाही. कानात घालायच्या बोळ्यांचंही तसंच. काम चालू असेपर्यंत चार रात्री निभावतात.

आकडा मर्यादेत आला, तरी 'हूं...' असा घुमा जात नाही.

डेसिबल-ए ही मोजणी जाड आवाजाला मुद्दाम कमी वजन देते. मापकावर ए ऐवजी सी हा पर्याय निवडून पुन्हा मोजा. दोन आकड्यांत २० किंवा जास्त फरक आला तर आवाजाचा भर खालच्या कंप्रतेवर आहे. असा आवाज काचेतून, पेटीतून आणि साध्या सायलेन्सरमधूनही फारसा अडत नाही. त्याची दवा उगमावरच आहे: पात्यांचा तोल, वेग आणि स्प्रिंगा.

तक्रार कुठे आणि कशी करायची?

नियमांनुसार आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त असेल, किंवा रात्रीच्या निर्बंधांचा भंग होत असेल, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. व्यवहारात ती पोलिसांकडे जाते. आपल्या नमुन्यातले ५९ हे ४५ पेक्षा १४ ने जास्त आहेत, म्हणजे तक्रार टिकते. अर्ज एकट्याने न देता सोसायटीच्या लेटरहेडवर द्या. सोबत क्षेत्राचा लेखी पुरावा, चालू आणि बंद अशा दोन्ही मोजण्या, मापक कुठे धरला ते आणि वेळा जोडा. हॉटेलवाल्याला आधी हेच कागद दाखवले तर पुष्कळदा पुढे जावंच लागत नाही. आपला प्रश्न नेमका किती डेसिबलचा आहे हे त्यालाही पहिल्यांदाच कळतं.

सगळं बसवलं, सहा महिन्यांनी आवाज पुन्हा वाढला. असं का?

तेल. स्वयंपाकघराच्या वाफेतलं तेल सायलेन्सरच्या अस्तरात मुरतं आणि रॉकवूलची छिद्रं बुजतात. त्यासाठी अस्तरावर पातळ फिल्म आणि त्यावर भोकांचा पत्रा हवा, सायलेन्सरआधी तेल पकडणारे फिल्टर हवेत, आणि साफ करायला दार हवं. काम पूर्ण झालं त्या दिवशी खिडकीशी मोजलेला आकडा करारात लिहून घ्या. पुढे त्याच जागी, त्याच वेळी मोजून तो ३ डेसिबलने चढलेला दिसला, की सफाईची वेळ झाली असं ठरवून टाका.